सोलरची आकृती आणि आमचे मजले

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा मी सांगलीतल्या ज्या फर्ममध्ये नोकरीला होते तिलाच ते काम मिळालं. सोसायटीचे चेअरमन माझे सासरे. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, चला, घरच्या घरात काम झालं. सासऱ्यांना मात्र तसं वाटलं नाही. जन्मभर शाळेत भूमिती शिकवून ते निवृत्त झालेले. गृहीत धरलेली गोष्ट सिद्ध केल्याशिवाय ते पुढे जात नसत. निर्णय झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी मला सांगितलं, "सूनबाई, तुम्ही आता ठेकेदाराच्या बाजूच्या आणि मी सोसायटीच्या बाजूचा. या विषयावर घरात बोलणं बरं नाही. जे असेल ते लेखी."

एरवी ते मला 'तू' म्हणत. त्या दिवसापासून मिठासाठी 'तू' आणि सोलरसाठी 'तुम्ही' असं चालू झालं.

माझं काम तसं सोपं होतं. वीज कंपनीकडे अर्ज करायचा तर त्याला सिंगल लाइन डायग्राम जोडावा लागतो. सगळी जोडणी एका रेघेत दाखवायची. वर गच्चीवरची पॅनेल्स. त्यांच्यातून येणारी डीसी वीज एका डब्यात उतरते. त्यात फ्यूज असतात, विजेची लाट आली तर ती जमिनीत सोडणारं सर्ज प्रोटेक्शन असतं आणि लाइन तोडायचा स्विच असतो. त्यापुढे इन्व्हर्टर, जो डीसीची एसी करतो. मग एसीच्या बाजूचा डबा, त्यात ब्रेकर आणि परत सर्ज प्रोटेक्शन. मग सोलरनं किती वीज केली ते मोजणारा मीटर. मग लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे ज्यावर चालतात तो सोसायटीचा मेन पॅनेल. शेवटी नेट मीटर, जो येणारी आणि जाणारी वीज दोन्ही मोजतो, आणि त्याच्याही खाली वीज कंपनीची लाइन. बाजूला अर्थिंगचे तीन खड्डे: एक डीसीचा, एक एसीचा आणि एक गच्चीवरच्या वीजरोधक दांड्याचा स्वतंत्र.

मी मूळची कोयनानगरची. वडील तिथं पॉवरहाउसला होते. डोंगराच्या पोटात वीज तयार व्हायची आणि ती कुठून कशी येते हे दाखवा, असं कॉलनीत कुणी कधी म्हणालं नाही. मला वाटायचं, जग असंच असतं.

आकृती मी काढली, फर्मच्या मालकांची सही घेतली आणि चेअरमनच्या सहीसाठी पाठवायला निघाले. मालक म्हणाले, "घरी नेऊन द्या की." पण सासऱ्यांनी घरी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ते रिक्षानं आमच्या ऑफिसात आले, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले, आकृती घेतल्याची पोच लिहून दिली आणि रिक्षानंच परत गेले. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ते पंख्याखाली बसून पट्टी लावून आकृती तपासत होते. मला बघून त्यांनी कागद उलटा ठेवला.

तिसऱ्या दिवशी ताटाशेजारी पाकीट आलं. वर जावक क्रमांक होता. मजकूर असा: 'आपण सादर केलेल्या एकरेषीय आकृतीमध्ये रेषेवर काही ठिकाणी तिरप्या रेघा मारलेल्या आढळतात. सदर खाडाखोड असल्यास प्रत्येक ठिकाणी सही करावी.'

ती खाडाखोड नव्हती. एका रेघेत किती वायरी आहेत ते दाखवायला रेघेवर तेवढ्या तिरप्या रेघा मारायची पद्धत आहे. डीसीच्या बाजूला दोन, प्लस आणि मायनस. इन्व्हर्टरच्या पुढे चार, तीन फेज आणि एक न्यूट्रल. मी आमटी वाढता वाढता म्हटलं, "बाबा, त्या रेघा म्हणजे..." त्यांनी हाताचा पंजा वर केला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लिहून दे. भाकरी गार होतेय."

मी लिहून दिलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं की खुलासा समाधानकारक आहे, तथापि सर्वसाधारण सभेत सभासदांचा गैरसमज होऊ नये म्हणून सह्या असाव्यात. मग मी प्रत्येक तिरप्या रेघेशेजारी बारीक सही केली. माझ्या आयुष्यात मी काढलेली ती पहिलीच आकृती, जिच्यात वायरींनाही जबाबदार माणूस होता.

सभा पार्किंगमध्ये झाली. आकृती मोठी छापून घेऊन सासऱ्यांनी ती लिफ्टशेजारच्या भिंतीला चिकटवली होती, आणि खुर्च्या मांडायच्या आधीच माणसं तिच्यापुढे उभी राहून आपापलं घर शोधत होती. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कागदाच्या वरच्या टोकाला पॅनेल्स आणि वीजरोधक. मध्ये इन्व्हर्टर. खाली मीटर. बघणाऱ्याला तो आमच्या इमारतीचा उभा छेद वाटला. वरचा मजला वर, तळमजला खाली.

पहिले बोलले ते सगळ्यात वरच्या मजल्यावरचे हळदीचे व्यापारी. ते मूळचे माणदेशातले. बापजादे मेंढरं राखायचे, यांनी सांगलीच्या पेठेत येऊन धंदा उभा केला. आकृतीतल्या वीजरोधकावर त्यांनी बोट ठेवलं.

"म्याडम, ह्यो दांडा आमच्या डोक्यावरच हाय."

"काका, तो गच्चीवर सगळ्यात उंच जागी असतो. वीज पडली तर त्याच्यातून सरळ जमिनीत जाते."

"आमी लहानपणी मेंढरामागं असायचो. आभाळ गरजाय लागलं की म्हातारा म्हणायचा, काठीला लोखंड हाय, लांब टाक आणि उकिडवा बस. आता तुमी म्हंताय लोखंड उभं करून त्याच्याखाली झोपा."

"तो विजेला बोलवत नाही, काका. आलीच तर तिला वाट करून देतो."

"वाट केली की पावणा येतोच," ते म्हणाले, आणि बसले.

हे बोलणं बऱ्याच जणांना पटलं. मग मधल्या मजल्यावरच्यांनी विचारलं, इन्व्हर्टर आमच्याच मजल्यावर का. त्याचा आवाज येणार, पोरांची परीक्षा आहे. मी सांगितलं, इन्व्हर्टर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सावलीत बसणार आहे, मजल्यावर नाही. "मग चित्रात मध्ये का आहे?" त्यांचा प्रश्न. तळमजल्याच्या एका बाईंनी विचारलं, की सगळे मीटर आमच्याच दारात आणून ठेवणार काय. तिथं मीटरची खोली पूर्वीपासून होती, त्या रोज तिच्यावरूनच जात, पण कागदावर बघितल्यावर त्यांना ती पहिल्यांदा दिसली.

मी सांगत राहिले की हा नकाशा नाही. कशाला काय जोडलंय एवढंच यात असतं. कुठली वस्तू कुठं आहे, हे यात नसतंच. लोक मान डोलवत होते आणि परत कागदाकडे बघून आपला मजला शोधत होते.

सासऱ्यांनी ठराव मांडला. वीजरोधक आवश्यक असल्याचं तज्ज्ञांचं मत विचारात घेता तो बसवावा, मात्र आकृतीत कुठल्याही मजल्याच्या वर काहीही दाखवू नये. ठराव एकमतानं पास झाला. हळदवाले काकाही हात वर करून होते.

म्हणून मी आकृती आडवी काढली. पॅनेल्स डावीकडे, वीज कंपनी उजवीकडे. जोडणीत तसूभरही फरक नव्हता. रेघा त्याच, डबे तेच, सह्याही परत केल्या. पण आमच्या इमारतीला दोन विंग आहेत. अ विंग डावीकडे, ब विंग उजवीकडे. आडवी आकृती भिंतीला लागली आणि दुपारपर्यंत ब विंगचं निवेदन आलं: सर्व पॅनेल्स अ विंगला आणि आम्हाला फक्त मीटर, हा अन्याय आहे. पॅनेल्स दोन्ही विंगच्या सलग गच्चीवर सारखीच पसरलेली असणार होती. पण निवेदनावर ब विंगमधल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, तिथं राहणाऱ्या माझ्या चुलत सासूबाईंचीसुद्धा.

त्या रात्री सासऱ्यांना झोप लागली नसावी. सकाळी ते कंपास घेऊन बसले होते, शाळेतला, फळ्यावर चालवायचा लाकडी मोठा. जेवणाच्या टेबलावर वर्तुळ काढलेलं होतं. त्यांनी त्या विषयावर घरात न बोलण्याचा नियम मोडला नाही. फक्त स्वतःशी बोलल्यासारखं, खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वर्तुळाला वर नसतं, खाली नसतं. डावं उजवंही नसतं. परिघावरचा प्रत्येक बिंदू केंद्रापासून समान अंतरावर."

मी पण खिडकीकडे बघून म्हटलं, "पण टोकं जोडता येणार नाहीत. सुरुवातीला पॅनेल आणि शेवटी वीज कंपनी."

"तर मग कंस," ते खिडकीला म्हणाले.

मी गोल आकृती काढली. बांगडीला चीर असावी तसा तिला एक तुटक भाग. चिरेच्या एका अंगाला पॅनेल्स, तिथून घड्याळाच्या काट्यासारखं फिरत डीसीचा डबा, इन्व्हर्टर, एसीचा डबा, मीटर, मेन पॅनेल, नेट मीटर आणि चिरेच्या दुसऱ्या अंगाला वीज कंपनी. अर्थिंगचे तीन खड्डे आणि वीजरोधक मी वर्तुळाच्या आत घेतले, म्हणजे ते कुणाच्याच बाजूला नकोत. सभेनं ती मंजूर केली. हळदवाले काका म्हणाले, "आता झालं. कुनाच्या डोस्क्यावर काय न्हाई."

आमच्या मालकांनी ती बघितली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "सही मी करतो, पण साहेबांकडे तुम्हीच जा."

वीज कंपनीच्या ऑफिसात साहेबांनी फाइल उघडली. त्यांनी कागद आधी सरळ धरला, मग आडवा, मग हळूहळू हातात फिरवत वाचला, वाहनाचं स्टिअरिंग फिरवावं तसा. एक पूर्ण फेरा झाल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं.

"मॅडम, हे असं का?"

मी सगळं सांगितलं. मजले सांगितले, विंग सांगितल्या. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आणि या सह्या?" मी ते पण सांगितलं.

त्यांनी पेन्सिल घेऊन परिघावरून एकेक डबा तपासला. फ्यूज किती ॲम्पिअरचे, केबल कुठली, दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन आहे ना, मीटरचा क्रम बरोबर आहे ना. मग म्हणाले, "जोडणी बरोबर आहे. रेघ एकच आहे. ती सरळ असावी असं कुठं लिहिलेलं नाही." आणि त्यांनी अर्ज पुढे घेतला. क्लार्कला फक्त प्रश्न पडला की फाइलला भोक कुठल्या बाजूला पाडायचं.

पुढची कामं भराभर झाली. पॅनेल्स चढली, केबल उतरली, डबे बसले. मग एके दिवशी साहेब तपासणीला आले. आकृती हातात धरून ते म्हणाले, "चेअरमनसाहेब, कागदाप्रमाणे चला."

सासरे पुढे झाले. गच्चीवरून सुरुवात केली. त्यांच्या एका हातात आकृती, दुसऱ्या हाताचं बोट रेघेवर. पॅनेल, डबा, इन्व्हर्टर. साहेब प्रत्येक ठिकाणी दार उघडून बघत, आतलं कागदाशी जुळवत. मागं मी, माझ्या मागं हळदवाले काका आणि त्यांच्या मागं जिन्यात भेटत गेलेली बाकीची मंडळी. जिना उतरताना सासरे कागद फिरवत होते, कारण रेघ गोल होती आणि जिना सरळ. मध्येच एका वळणावर ते थांबले आणि म्हणाले, "म्हणजे कागदावर आपण अजून डावीकडेच आहोत, आणि प्रत्यक्षात दोन मजले खाली आलो." मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा बऱ्याच जणांना ते समजलं.

मीटरच्या खोलीपर्यंत सगळं जुळलं. राहिले अर्थिंगचे खड्डे. ते इमारतीच्या मागच्या बाजूला, सासूबाईंच्या बागेजवळ होते. तीन लोखंडी झाकणं, त्यांच्यावर पिवळ्या रंगानं एक, दोन, तीन. साहेबांनी पहिलं उघडून अर्थिंग मोजायचं मशीन लावलं, आकडा बघितला, मान डोलवली. दुसरंही बरोबर. तिसरं त्यांनी उचललं.

खाली जमीन होती. नुसती माती, आणि तिच्यात कढीपत्त्याचं एक मूळ वर आलेलं. इलेक्ट्रोड नाही, खड्डा नाही. वीजरोधकाची लोखंडी पट्टी भिंतीवरून खाली येऊन झाकणाच्या कडेशी छान वाकवून मातीत खोचलेली होती, बोटभर.

साहेब म्हणाले, "मॅडम, झाकण आहे. खड्डा कुठे आहे?"

मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या पायाखालची जमीन आहे तिथंच होती, एवढंच काय ते जाणवत होतं. तेवढ्यात मागून सासूबाई पुढे आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मीच सांगितलं त्या माणसांना. हा कढीपत्ता मी रोपापासून वाढवलाय. तुम्ही तिथं पहार घालायची नाही म्हटलं. ते म्हणाले, मावशी, कागदात तीन दाखवलेत. मग मी म्हटलं, झाकण ठेवा की. दिसायला तीन झाले म्हणजे झालं."

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. ते साहेबांकडे वळून, वर्गात एखादा मुलगा पुढे आणावा तशा आवाजात म्हणाले, "या माझ्या पत्नी." आणि थोडं थांबून, "यांनी निष्कर्ष आधी लिहिला आणि सिद्धता राहिली."

हळदवाले काका झाकणाच्या बाजूला उकिडवे बसले होते. त्यांनी मातीत खोचलेली पट्टी बोटानं हलवून बघितली. ती सहज बाहेर आली. "म्हंजे आवं," ते सावकाश म्हणाले, "वीज वरनं आली असती, हितवर आली असती, आणि हितं तिला वाटच न्हाई. मग ती माघारी कुनाकडं गेली असती?"

"कुणाकडंही," मी म्हटलं. "भिंतीत, केबलमध्ये. कदाचित तुमच्याकडंच."

ते उठले, धोतराची माती झटकली आणि सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, कढीपत्ता ऱ्हाऊ द्या. पन खड्डा पायजे. आजच पायजे." वीजरोधकाला घाबरणारा तोच माणूस त्या संध्याकाळी खणणाऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला आणि आणखी खोल खणा म्हणत राहिला. खड्डा ब विंगच्या कोपऱ्यात, सायकलींच्या शेडमागे घेतला. इलेक्ट्रोड उतरला, भोवती कोळसा-मिठाचा मसाला भरला, पट्टी नटबोल्टनं पक्की झाली.

सासऱ्यांना एकच काळजी होती. खड्ड्याची जागा बदलली, म्हणजे आकृती परत बदलावी लागणार आणि परत सभा. त्यांनी तसं साहेबांना विचारलं.

साहेब म्हणाले, "कशाला? आकृतीत वीजरोधक तिसऱ्या खड्ड्याला जोडलाय. तो जोडलेला आहे. खड्डा कुठंय ते आकृती सांगतच नाही."

सासरे माझ्याकडे बघत म्हणाले, "हे यांनी आधीच सांगितलं होतं." 'हिनं' नाही, 'यांनी'. ते त्यांनी इतिवृत्तातही लिहिलं. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी जावक क्रमांकासह एक पत्र मिळालं. त्यांनी ते कढीपत्त्याच्या आळ्यात वाळवी लागू नये म्हणून घातलेल्या राखेवर टाकलं आणि पेटवून दिलं.

नेट मीटर लागला आणि सोलर सुरू झालं. उन्हाळ्याचे दिवस होते, नवरा फलटणच्या साखर कारखान्यातला सीझन संपवून घरी आलेला. एका दुपारी मी जेवून उठत होते, आणि पंखा बंद पडला. लाईट गेली होती. खालून आरडाओरडा नाही, पण लिफ्टच्या दारावर कुणीतरी आतून ठोकतंय असा आवाज आला. दोन मजल्यांच्या मध्ये हळदवाले काका अडकले होते. वॉचमन लिफ्टची किल्ली आणायला गेला होता. मी जिन्यात जाळीच्या दारापाशी बसले. त्यांचे फक्त पाय आणि हळदीनं पिवळी झालेली पिशवी दिसत होती.

"म्याडम," आतून आवाज आला. शांत होता. "भाईर ऊन हाय न्हवं?"

"रणरणतं आहे."

"मग आपल्या गच्चीवर वीज व्हायला पायजे."

"इन्व्हर्टरनं स्वतःहून बंद केलीय, काका. बाहेरची लाइन गेली की तो बंद होतोच. तसाच केलेला असतो."

"का म्हनं? नेमकी पायजे तवाच?"

"बाहेर लाइनवर कुणीतरी दुरुस्तीला चढलेलं असतं. त्याला वाटतं, लाइन मेलेली आहे. आपली वीज उलटी बाहेर गेली तर तो माणूस खांबावरच जाईल."

आत पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पाय दुमडले गेले. काका खाली बसले होते.

"किती येळ चढतोय त्यो?"

"सांगता येत नाही."

"न्हाई, घाई न्हाई," ते म्हणाले. "उतरू दे त्येला नीट. तुमी जावा, जेवन झालं नसंल तर जेवा."

मी घरात जाऊन बसले नाही. घरून तांब्याभर पाणी आणलं आणि जाळीतून फुलपात्र आत सरकवलं. वॉचमनला किल्ली सापडेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो. ते आत, मी बाहेर. ते मला मेंढरांना उन्हात सावली कशी शोधून देतात ते सांगत होते.